बिंदू ठरलेला, रेषा फिरती: अक्षांशी सर्वांत लहान त्रिकोण करणारी रेषा कशी शोधायची

बारावीत डेरिव्हेटिव्हचे उपयोग शिकताना किंवा सीईटी-जेईईचा सराव करताना हा प्रश्न एकदा तरी समोर येतोच. पहिल्या चरणात एक बिंदू दिलेला असतो. त्यातून जाणारी अशी रेषा काढायची, की तिने X-अक्ष आणि Y-अक्ष यांच्यासोबत केलेल्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ कमीत कमी असेल. सूत्र पाठ करून उत्तर लिहिणारे पुष्कळ असतात. पण प्रश्नात एखादा शब्द बदलला, 'क्षेत्रफळ'च्या जागी 'बेरीज' आली, की तेच सूत्र चुकीच्या ठिकाणी वापरलं जातं. म्हणून इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे: बिंदू P(3, 2).

काय लागेल

- आलेखाचा कागद, पट्टी, पेन्सिल
- रेषेची दोन समीकरणं: इंटरसेप्टची `x/p + y/q = 1` आणि चढाची `y − b = m(x − a)`
- एका चलाच्या फलनाचं डेरिव्हेटिव्ह काढता येणं
- जमलं तर मोबाइलवर किंवा संगणकावर जिओजेब्रा

१. आधी अट पक्की करा

P मधून जाणाऱ्या रेषा असंख्य आहेत. त्यांतल्या काही X-अक्षाच्या धन बाजूला आणि Y-अक्षाच्याही धन बाजूला छेदतात, तेव्हा त्रिकोण पहिल्या चरणात बसतो. या रेषा डावीकडून उजवीकडे उतरत जातात, म्हणजे त्यांचा चढ ऋण असतो. आपला प्रश्न फक्त त्यांच्यापुरता आहे.

ही अट सोडून दिली तर प्रश्नाला उत्तरच उरत नाही. P आणि आरंभबिंदू O यांना जोडणारी रेषा घ्या. ती दोन्ही अक्षांना O मध्येच छेदते, त्यामुळे त्रिकोण होतच नाही. या रेषेला किंचित फिरवलं की दुसऱ्या किंवा चौथ्या चरणात एक बारीकसा त्रिकोण तयार होतो आणि तो हवा तितका लहान करता येतो. शून्याच्या कितीही जवळ जाता येतं, पण 'सर्वांत लहान' असा एक त्रिकोण सापडत नाही. म्हणून रेषा X-अक्षाला p वर आणि Y-अक्षाला q वर छेदते असं धरून उत्तरपत्रिकेत पहिल्याच ओळीत लिहा: `p > 0`, `q > 0`. पुढे एक खोटं उत्तर गाळताना हीच ओळ कामाला येणार आहे.

२. हाताने चार रेषा काढून बघा

सूत्रांकडे जाण्याआधी आलेखाच्या कागदावर P(3, 2) मांडा आणि वेगवेगळ्या चढाच्या रेषा काढा. प्रत्येक रेषा X-अक्षाला कुठे छेदते (p) आणि Y-अक्षाला कुठे (q) ते बघा. क्षेत्रफळ म्हणजे दोहोंच्या गुणाकाराचा निम्मा.

| चढ m | p | q | क्षेत्रफळ |
|---|---|---|---|
| −2 | 4 | 8 | 16 |
| −1 | 5 | 5 | 12.5 |
| −2/3 | 6 | 4 | 12 |
| −1/2 | 7 | 3.5 | 12.25 |

रेषा फार उभी केली की q वाढत सुटतो, फार आडवी केली की p. मध्ये कुठेतरी तळ आहे, आणि तो १२ च्या आसपास दिसतो.

जिओजेब्रात हेच हलतं बघायचं असेल तर या ओळी एकेक करून टाका:

```
P = (3, 2)
m = Slider(-5, -0.1, 0.05)
f: y = m*(x - 3) + 2
A = Intersect(f, xAxis)
B = Intersect(f, yAxis)
t = Polygon((0,0), A, B)
```

`t` म्हणजे त्रिकोणाचं क्षेत्रफळ. स्लायडर सरकवताना एक गोष्ट मुद्दाम तपासा. m = −0.65 ला पडद्यावर क्षेत्रफळ 12 दिसेल, कारण खरी किंमत साधारण 12.002 आहे आणि दोन दशांश स्थळं दाखवायचं सेटिंग असेल तर ती 12 म्हणूनच छापली जाते. म्हणजे बरोबर चढ −0.65 आहे असं वाटून तुम्ही थांबाल. तळाजवळ आलेख इतका सपाट असतो की क्षेत्रफळ जवळपास बरोबर आलं तरी रेषा थोडी चुकलेली असू शकते. स्लायडरने क्षेत्रफळाचा अंदाज छान येतो, रेषेची जागा मात्र गणितानेच पक्की करावी लागते.

३. सगळं एका चलात आणा

रेषा `x/p + y/q = 1` धरू. ती (3, 2) मधून जाते, म्हणून

`3/p + 2/q = 1`

ही एक ओळ विसरली की पुढचं सगळं फुकट. p आणि q हे दोन्ही आपल्या मर्जीने बदलता येत नाहीत. एक ठरला की दुसरा या ओळीने ठरतो. q सोडवून घ्या:

`q = 2p/(p − 3)`

q धन हवा, म्हणून p > 3. चित्रातही हेच दिसतं: उतरती रेषा P च्या उजवीकडेच X-अक्षाला भेटणार. आता क्षेत्रफळ

`S = pq/2 = p²/(p − 3)`

४. मिनिमम काढा, पण भागाकाराचा नियम शक्यतो टाळा

सरळ डेरिव्हेटिव्ह घेतलं तर

`dS/dp = p(p − 6)/(p − 3)²`

हे शून्य होतं p = 0 किंवा p = 6 ला. p = 0 म्हणजे आरंभबिंदूतून जाणारी तीच रेषा, जिचा त्रिकोणच होत नाही. आपली अट p > 3 आहे, म्हणून ती गळते. उरतो p = 6, आणि मग q = 12/3 = 4.

हे बरोबर आहे, पण मला दुसरी वाट जास्त आवडते, कारण तीत उत्तर डोळ्यांसमोर उघडं पडतं. `t = p − 3` ठेवा. t म्हणजे P च्या पायापासून (3, 0) पासून रेषा किती पुढे जाऊन X-अक्षाला भेटते ते अंतर. मग

`S = (t + 3)²/t = t + 6 + 9/t`

आता t आणि 9/t यांच्याकडे बघा. दोहोंचा गुणाकार कायम 9 आहे, म्हणून बेरीज 6 पेक्षा कमी होऊच शकत नाही. हेच पूर्ण वर्गात लिहिलं तर

`S = 12 + (√t − 3/√t)²`

वर्ग ऋण होत नाही. म्हणून S किमान 12, आणि तो 12 तेव्हाच जेव्हा t = 3. इथे दुसरं डेरिव्हेटिव्ह काढायची, टोकं तपासायची गरजच पडत नाही. वर्ग शून्य होतो ती एकच जागा आहे.

डेरिव्हेटिव्हनेच जायचं असेल तर `dS/dt = 1 − 9/t²`. t हा 3 पेक्षा लहान असताना हे ऋण, मोठा असताना धन. म्हणजे S आधी उतरतो आणि मग चढतो. हे एक वाक्य लिहिलंत तर परीक्षकाला 'मिनिममच कशावरून' हा प्रश्न उरत नाही. नुसतं डेरिव्हेटिव्ह शून्य लिहून थांबलात तर मात्र ते काम अर्धवट राहतं.

रेषा मिळाली: `x/6 + y/4 = 1`, म्हणजे `2x + 3y = 12`.

५. उत्तराची तपासणी: P मध्यबिंदू आहे का?

A(6, 0) आणि B(0, 4) यांचा मध्यबिंदू काढा. (3, 2). म्हणजे P स्वतःच. हा योगायोग नाही, आणि असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण मग एकही समीकरण न लिहिता रेषा काढता येते.

AB ही अशी रेषा घ्या की AP = PB. आता P भोवती तिला थोडी आडवी फिरवा. नवी रेषा X-अक्षाला C(7, 0) मध्ये आणि Y-अक्षाला D(0, 3.5) मध्ये भेटते. जुन्या त्रिकोणाच्या तुलनेत वरून त्रिकोण PBD कापला गेला आणि खाली त्रिकोण PAC जोडला गेला. प्रश्न एवढाच की जोडलेला मोठा की कापलेला.

A मधून Y-अक्षाला समांतर रेषा वर काढा. ती नव्या रेषेला E(6, 0.5) मध्ये भेटते. आता त्रिकोण PAE आणि PBD बघा. AP = PB, P जवळचे कोन विरुद्ध कोन म्हणून समान, आणि AE ही BD ला समांतर असल्याने A आणि B जवळचे व्युत्क्रम कोन समान. नववीतल्या कोबाको कसोटीने दोन्ही एकरूप. म्हणजे कापलेला तुकडा जोडलेल्या तुकड्याच्या आत पुरता मावतो, आणि वर त्रिकोण AEC शिल्लक राहतो. त्याचा पाया १, उंची अर्धा, क्षेत्रफळ ०.२५.

आता वरच्या तक्त्यात m = −1/2 ची ओळ बघा: 12.25. शिल्लक राहिलेला तो तुकडा अगदी हाच.

रेषा उलट बाजूला, उभी फिरवली तर हेच काम B मधून X-अक्षाला समांतर रेषा काढून करायचं. m = −1 साठी D(0, 5) येतो आणि B मधली समांतर रेषा नव्या रेषेला (1, 4) मध्ये भेटते. शिल्लक तुकडा अर्ध्या चौरस एककाचा, एकूण १२.५. तोही तक्त्याशी जुळतो. कुठल्याही बाजूला फिरवा, जोडलेला भाग कापलेल्यापेक्षा मोठाच राहतो. मध्यबिंदूची रेषाच सर्वांत लहान त्रिकोण देते ती यामुळे.

या सिद्धतेत काटकोन कुठेच वापरलेला नाही. दोन अक्षांमधला कोन ६० अंशांचा असला तरी P मध्यबिंदूच असावा लागतो. क्षेत्रफळाचं सूत्र मग वेगळं, पण रेषा शोधायची रीत तीच.

पट्टीने ही रेषा काढायची तर P मधून Y-अक्षाला समांतर जाऊन X-अक्षावरचा बिंदू M घ्या आणि OA = 2·OM होईल असा A खुणावा. A आणि P जोडून रेषा वाढवली की काम झालं.

६. एएम-जीएमने करायचं असेल तर योग्य पदं निवडा

परीक्षेत वेळ कमी असेल तर ही सगळ्यांत आखूड वाट. `3/p` आणि `2/q` ही दोन धन पदं, त्यांची बेरीज 1. अंकगणिती मध्य हा भूमितीय मध्यापेक्षा कमी नसतो, म्हणून

`1 ≥ 2√(6/(pq))`, म्हणजे `pq ≥ 24`, म्हणजे `S ≥ 12`.

समानता तेव्हाच, जेव्हा दोन्ही पदं समान, म्हणजे प्रत्येक अर्धा. 3/p = 1/2 वरून p = 6, 2/q = 1/2 वरून q = 4.

सापळा इथे आहे. पुष्कळ मुलं p आणि q यांनाच असमता लावतात, `p + q ≥ 2√(pq)`, आणि मग 'समानता p = q ला' म्हणून p = q = 5 लिहून मोकळी होतात. तक्त्यात बघा, त्याने 12.5 येतं. चूक अशी की p + q हे स्थिर नाही. एएम-जीएमचा उपयोग बेरीज किंवा गुणाकार यांपैकी एक ठरलेला असेल तेव्हाच होतो, आणि इथे ठरलेली आहे ती 3/p आणि 2/q यांची बेरीज. समद्विभुज त्रिकोण दिसायला सुबक असल्यामुळे उत्तर खरं वाटतं. पण तो बरोबर येतो तो P चे दोन्ही निर्देशक सारखे असतील तेव्हाच.

७. चढाच्या वाटेने गेलात तर चिन्ह सांभाळा

`y − 2 = m(x − 3)` घेतलं तर p = 3 − 2/m, q = 2 − 3m, आणि

`S = ½(12 − 9m − 4/m)`

डेरिव्हेटिव्ह शून्य केलं की m² = 4/9. उत्तरं दोन: m = −2/3 आणि m = +2/3. धन उत्तर सूत्रात टाकून बघा, S = 0 येतं. हीच ती O मधून जाणारी रेषा, पहिल्या पायरीतली. 'शून्य म्हणजे सर्वांत लहान, झालं उत्तर' असं समजून m = 2/3 लिहिणारे असतात. म्हणून m < 0 ही अट सुरुवातीलाच नोंदवायची. ऋण चिन्हाचा घोळ टाळायचा असेल तर m च्या जागी −k लिहा आणि k > 0 धरा. मग `S = 6 + ½(9k + 4/k)`, सगळी पदं धन.

८. प्रश्नात नेमकं काय कमी करायचं आहे?

त्याच बिंदूवर तीन वेगळे प्रश्न विचारले जातात आणि तिन्हींच्या रेषा वेगळ्या असतात. इंटरसेप्टची बेरीज कमीत कमी हवी असेल तर उत्तर `(√3 + √2)² = 5 + 2√6`, साधारण 9.90. तेव्हा p सुमारे 5.45 आणि q सुमारे 4.45. गंमत अशी की क्षेत्रफळाची रेषा (6 आणि 4) आणि समद्विभुज रेषा (5 आणि 5) दोन्हींची बेरीज 10 येते, आणि बेरजेचा तळ त्या दोहोंच्या मध्ये असतो.

अक्षांमधल्या तुकड्याची, म्हणजे कर्णाची लांबी कमीत कमी हवी असेल तर चढ `−∛(2/3)`, लांबी साधारण 7.02. क्षेत्रफळाच्या रेषेवर हीच लांबी √52, म्हणजे 7.21 आहे. तेव्हा प्रश्नातला 'क्षेत्रफळ', 'बेरीज' किंवा 'लांबी' हा शब्द आधी अधोरेखित करा आणि मगच पेन उचला.

९. सर्वसाधारण बिंदूसाठी

P(a, b), a आणि b धन. वरच्याच पायऱ्या अक्षरांनी केल्या की p = 2a, q = 2b, किमान क्षेत्रफळ `2ab`, आणि रेषा `x/a + y/b = 2`. इथे चुकायची जागा एकच: उजवीकडे 1 नाही, 2 आहे. P चे निर्देशक टाकून बघा, 1 + 1 = 2, लगेच कळतं.

हीच रेषा `xy = ab` या हायपरबोलाची P मधली स्पर्शिका आहे. अशी स्पर्शिका अक्षांमध्ये जो तुकडा कापते तो स्पर्शबिंदूत दुभागतो आणि तिने केलेल्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ कायम तेवढंच राहतं. या दोन्ही गोष्टी ग्रीक गणिती अपोलोनियसने ख्रिस्तपूर्व २०० च्या सुमारास भूमितीने सिद्ध केल्या होत्या. डेरिव्हेटिव्ह त्यानंतर कितीतरी शतकांनी आलं.

१०. उलटा प्रश्न: किती रेषा?

स्पर्धा परीक्षांना हा प्रकार आवडतो. '(3, 2) मधून जाणाऱ्या आणि अक्षांशी १२ चौरस एककांचा त्रिकोण करणाऱ्या रेषा किती?' किमान १२ हे पाठ असलेला विद्यार्थी 'एक' लिहितो. पण प्रश्नात पहिलं चरण म्हटलेलं नाही.

ऋण चढाच्या रेषांत एकच, ती आपली. धन चढ घेतला तर p आणि q ची चिन्हं विरुद्ध असतात, म्हणून pq = −24:

`12 − 9m − 4/m = −24`, म्हणजे `9m² − 36m + 4 = 0`

विवेचक 1296 − 144 = 1152, धन; मुळांची बेरीज आणि गुणाकार दोन्ही धन, म्हणून दोन्ही मुळं धन. साधारण 3.89 आणि 0.11. एकूण रेषा तीन.

क्षेत्रफळ १२ पेक्षा जास्त दिलं असेल तर ऋण चढाच्या दोन रेषा मिळतात आणि धन चढाच्या दोन, एकूण चार. १२ पेक्षा कमी असेल तर ऋण चढाची एकही नाही, धन चढाच्या दोन तेवढ्या उरतात.